अंश, छेद आणि प्रवेशाचा बाजार

महाराष्ट्रातील खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची स्पर्धा इतर कोणत्याही बाजारासारखी दिसत असली, तरी तिचे नियम फार वेगळे आहेत. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने अशा महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा जागा कमी आणि मागणी अफाट होती, त्यामुळे प्रतिमा, ओळख, नावलौकिक यांचा वेगळा विचार करण्याची गरज संस्थाचालकांना फारशी वाटली नाही. आज परिस्थिती उलटली आहे. संगणक शाखा आणि तिच्या भावंड शाखांसाठी झुंबड उडते, तर स्थापत्य व यंत्र अभियांत्रिकीच्या जागा कित्येक ठिकाणी रिकाम्या राहतात, आणि म्हणून 'ब्रँडिंग' नावाचे एक स्वतंत्र खाते महाविद्यालयांत उघडले गेले आहे. हे खाते बहुतेक ठिकाणी मे ते ऑगस्ट या काळात जागे होते, रस्त्याकडेला फलक लावते, कनिष्ठ महाविद्यालयांत 'करिअर मार्गदर्शन' शिबिरे घेते आणि प्रवेश संपले की झोपी जाते. चार महिन्यांच्या या धावपळीतून घडते ती जाहिरात. ब्रँड म्हणजे ज्या गोष्टीवर विद्यार्थ्याची पसंती ठरते ती गोष्ट, आणि ती उरलेल्या आठ महिन्यांत वर्गात, वसतिगृहात आणि फीच्या खिडकीपाशी घडते, असा या लेखाचा मुद्दा आहे.

हे समजण्यासाठी प्रथम या बाजाराची यंत्रणा पाहावी लागते. राज्यातील बहुसंख्य जागा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या 'कॅप' फेऱ्यांतून, भरल्या जातात. विद्यार्थी एमएचटी-सीईटीचा पर्सेंटाइल घेऊन येतो, महाविद्यालय व शाखा यांच्या जोड्या पसंतीक्रमाने लिहितो, आणि गुणवत्ता यादीतील त्याच्या स्थानानुसार संगणक जागा वाटतो. प्रत्येक फेरीनंतर राज्याचा सीईटी कक्ष महाविद्यालयनिहाय, शाखानिहाय आणि प्रवर्गनिहाय 'कट-ऑफ' जाहीर करतो; कट-ऑफ म्हणजे त्या शाखेत त्या प्रवर्गातून प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा गुणवत्ता क्रमांक व पर्सेंटाइल. याखेरीज वीस टक्क्यांपर्यंतच्या जागा संस्था स्तरावर भरण्याची मुभा महाविद्यालयांना असते. फी मात्र महाविद्यालयाला मनाप्रमाणे ठेवता येत नाही. 2015 च्या राज्य कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक संस्थेच्या खर्चाचा हिशेब पाहून ती मंजूर करते. शिवाय आरक्षित प्रवर्गांच्या शुल्कसवलती आहेत, आणि 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले आहे. म्हणजे विक्रेत्याला किंमत ठरवता येत नाही, आणि असंख्य ग्राहकांच्या बाबतीत किंमत हा निर्णयाचा कळीचा घटकही उरत नाही. अशा बाजारात स्पर्धा उरते ती फक्त पसंतीक्रमातील जागेसाठी, आणि त्या स्पर्धेचा निकाल सरकारच दरवर्षी आकड्यांत छापून देते.

म्हणूनच कट-ऑफ हा या महाविद्यालयांचा खरा ब्रँड आहे, मग विपणन विभागाला ते आवडो वा न आवडो. पालक घोषवाक्य वाचत नाहीत, मागील वर्षीची कट-ऑफ यादी उघडतात आणि आपल्या पाल्याच्या पर्सेंटाइलच्या आसपासची नावे वरपासून खाली उतरवून घेतात. बहुतेक पसंती अर्ज या उताऱ्याचीच सुधारलेली प्रत असतात. गेल्या वर्षी ज्या महाविद्यालयाचा कट-ऑफ वर होता ते या वर्षीच्या याद्यांत वर लिहिले जाते आणि त्यामुळे त्याचा कट-ऑफ पुन्हा वर राहतो. ही साखळी निव्वळ भाबडेपणाची नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गॉर्डन विन्स्टन यांनी 1999 मध्ये उच्च शिक्षणाच्या अर्थकारणावर लिहिताना दाखवले होते, की महाविद्यालयाचा ग्राहक हाच त्याचा एक महत्त्वाचा कच्चा माल असतो. विद्यार्थी शिक्षकांकडून शिकतो तसा शेजारच्या बाकावरील मुलांकडूनही शिकतो, त्यामुळे आत कोण आले आहेत यावर आत काय मिळते हे अंशतः ठरते. कट-ऑफ पाहून अर्ज भरणारा पालक नकळत हेच गणित करत असतो.

या यंत्रणेचा एक परिणाम संस्थाचालकांच्या लक्षात उशिरा येतो. ब्रँडवर सर्वांत मोठा घाव खराब जाहिरातीने पडत नाही, जागा वाढवल्याने पडतो. 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांवरील शाखानिहाय प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढून टाकली, आणि संगणक शाखेची क्षमता साठावरून एकशेवीस, एकशेऐंशी करण्याची चढाओढ लागली. एका काल्पनिक महाविद्यालयाचे उदाहरण घेता येईल. साठ जागा असताना त्याची संगणक शाखा खुल्या प्रवर्गात 93 पर्सेंटाइलला बंद होत होती असे मानू. जागा तिप्पट केल्या, तर महाविद्यालयाला पसंती देणाऱ्यांच्या त्याच रांगेत बरेच मागे जावे लागेल आणि कट-ऑफ, समजा, 86 वर येईल. पहिल्या वर्षी फीचे उत्पन्न वाढलेले दिसेल. दुसऱ्या वर्षी मात्र पसंती अर्ज भरणाऱ्याला यादीत दिसेल तो 86 हा आकडा, आणि जो 92 पर्सेंटाइलचा विद्यार्थी पूर्वी हे महाविद्यालय 'जरा अवघड' म्हणून वर लिहीत असे, तो आता ते 'सहज मिळणारे' म्हणून खाली लिहील. परिषदेच्या एकास वीस या शिक्षक-विद्यार्थी प्रमाणानुसार वर्षाला एकशेवीस जादा विद्यार्थी म्हणजे चार वर्षांत चारशेऐंशी विद्यार्थी आणि चोवीस जादा शिक्षक. ते मिळाले नाहीत तर एकाच प्राध्यापकावर तीन तुकड्या पडतात. आणि आवारात येऊन भरती करणाऱ्या कंपन्या तुकड्या वाढल्या म्हणून आपली नोकऱ्यांची संख्या तिप्पट करत नाहीत. जागावाढ ही आर्थिक गरज असू शकते, पण तिचा निर्णय लेखा विभागाने एकट्याने घेतला, तर विपणन विभागाला पुढे दहा वर्षे त्याचे व्याज फेडावे लागते.

कट-ऑफ हलवायचा तर त्यामागच्या श्रद्धा हलवाव्या लागतात, आणि इथे वस्तूंच्या प्रकारांविषयीचा एक जुना विचार उपयोगी पडतो. फिलिप नेल्सन यांनी 1970 मध्ये वस्तूंचे दोन प्रकार सांगितले: काहींचा दर्जा खरेदीपूर्वी पाहून कळतो, तर काहींचा वापरल्यावरच कळतो. 1973 मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी तिसरा प्रकार जोडला, अशा वस्तूंचा ज्यांचा दर्जा वापरल्यानंतरही ग्राहकाला खात्रीने ठरवता येत नाही आणि ज्या केवळ विश्वासावर घ्याव्या लागतात. महाविद्यालय हे या तिन्हींचे मिश्रण आहे. इमारत, प्रयोगशाळा, वसतिगृहाची खोली या गोष्टी पाहून कळतात. शिकवणे, परीक्षा, वातावरण या गोष्टी आत गेल्यावर कळतात. आणि चार वर्षांनी मिळालेली नोकरी महाविद्यालयामुळे मिळाली की मुलाच्या स्वतःच्या कुवतीमुळे, हे कोणालाच सांगता येत नाही. बहुतेक जाहिरात पहिल्या प्रकारावर खर्च होते, कारण काचेची इमारत छायाचित्रात सुरेख येते. पालकाची शंका मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराविषयी असते.

त्यातल्या तिसऱ्या प्रकाराचे, म्हणजे नोकऱ्यांच्या आकड्यांचे, प्रकरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पुन्हा एक काल्पनिक महाविद्यालय घेऊ. एका तुकडीत प्रथम वर्षाचे आणि पदविकेनंतर थेट द्वितीय वर्षाला आलेले मिळून चारशे विद्यार्थी होते. त्यांपैकी तीनशेचाळीस वेळेत उत्तीर्ण झाले. कंपन्या दहावी, बारावी व पदवीला साठ टक्के आणि एकही विषय मागे नसणे अशा अटी घालतात, म्हणून नोकरभरतीसाठी नोंदणी झाली ती अडीचशे जणांची. एकूण तीनशेदहा नियुक्तिप्रस्ताव आले, पण काहींना दोन-तीन मिळाल्यामुळे प्रत्यक्षात प्रस्ताव असलेले विद्यार्थी दोनशेपाच. कंपन्यांनी रुजू होण्याची तारीख पुढे ढकलल्यामुळे वा प्रस्ताव मागे घेतल्यामुळे रुजू झाले एकशेऐंशी. आता प्रस्तावांना उत्तीर्णांनी भागले तर 91 टक्के येतात, विद्यार्थ्यांना नोंदणीने भागले तर 82, उत्तीर्णांनी भागले तर 60, तुकडीने भागले तर 51, आणि रुजू झालेल्यांना तुकडीने भागले तर 45. पाचही आकडे हिशेबाने बरोबर आहेत आणि फलकावर जाणारा आकडा कोणता ते सांगण्याची गरज नाही. पगाराचेही तेच. दोनशेपाचपैकी एकशेतीस जणांना साडेतीन लाख, पन्नास जणांना पाच, चोवीस जणांना आठ आणि एकाला बेचाळीस लाख वार्षिक मिळाले, तर सरासरी सुमारे 4 लाख 58 हजार निघते. मध्यक, म्हणजे सर्वांना पगाराच्या क्रमाने उभे केल्यावर मधोमध येणाऱ्याचा पगार, साडेतीन लाखच राहतो. आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर फोटो छापून येतो तो बेचाळीसचा.

या खेळाला नियमांची आडकाठी नाही असे नाही. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियामक संस्था असलेल्या 'आस्की'च्या शिक्षणसंस्थांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत, किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली हे सांगताना त्या वर्गातून एकूण किती उत्तीर्ण झाले तेही सांगावे, आणि दाखवलेल्या सुविधा त्या वेळी प्रत्यक्ष अस्तित्वात असाव्यात, अशी अपेक्षा आहे. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी चौकटीत, म्हणजे 'एनआयआरएफ'मध्ये, भाग घेणाऱ्या महाविद्यालयांना आपला सादर केलेला तपशील स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो आणि त्यात प्रवेश, वेळेत उत्तीर्ण, नोकरी लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले व मध्यक पगार हे सगळे एका तक्त्यात येते. हा तक्ता एक-दोन वर्षे मागचा असतो आणि तोही महाविद्यालयानेच भरलेला असतो, तरीही छेद उघड करणाऱ्या मोजक्या सार्वजनिक जागांपैकी ती एक आहे. फलकावरील 91 आणि या तक्त्यातील हिशेब ताडून पाहणारे पालक अजून थोडे आहेत, पण ते वाढत आहेत, आणि त्यांच्यातला एक जण तालुक्याच्या शिकवणी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तो तक्ता टाकतो तेव्हा तो एकटा राहत नाही.

इथून पुढचा युक्तिवाद असा, की मधल्या फळीतील महाविद्यालयाने छेद स्वतःहून छापावा. अगदी वरच्या महाविद्यालयाला याची गरज नाही, त्याचा कट-ऑफच बोलतो. तळाच्या महाविद्यालयाला ते परवडणार नाही. पण 80 ते 93 पर्सेंटाइलच्या पट्ट्यात एकमेकांसारखी पंधरा-वीस महाविद्यालये असतात, सगळ्यांचे फलक '90 टक्क्यांहून अधिक' म्हणतात, आणि म्हणून त्या दाव्याची किंमत शून्य झालेली असते. अशा ठिकाणी '400 पैकी 205, मध्यक साडेतीन लाख, शाखानिहाय तक्ता खाली' असे छापणारा एकच असेल, तर त्याचे वाक्य खोटे असण्याची शक्यता पालकाला कमी वाटते, कारण खोटे बोलायचे असते तर कोणी इतका साधारण आकडा निवडला नसता. यात धोका आहे हे खरे. पहिल्या वर्षी शेजारच्या 91 पुढे 51 लंगडा दिसतो आणि संस्थेच्या सभेत त्यावरून प्राचार्यांना ऐकून घ्यावे लागते. हा धोका कमी करण्याचा मार्ग म्हणजे तक्ता मागील तीन तुकड्यांसह, एकाच व्याख्येने, आणि उरलेल्या 195 जणांचे काय झाले यासह देणे: साठ जणांचे शिक्षण लांबले, काही उच्च शिक्षणाला गेले, काही स्पर्धा परीक्षांकडे वळले, काही घरच्या व्यवसायात गेले, काही अजून शोधात आहेत. ही माहिती गोळा करणे हेच बहुतेक महाविद्यालयांना जमत नाही, कारण अंतिम परीक्षेनंतर विद्यार्थ्यांचा दूरध्वनी क्रमांक बदलतो आणि त्यांच्याशी संपर्क ठेवणे हे कोणाचेच काम नसते. ब्रँडचा खर्च खरोखर करायचा असेल, तर या कामासाठी नेमलेल्या एका कारकुनाचा पगार एका मोठ्या चौकातील फलकाच्या भाड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

विश्वासाची दुसरी परीक्षा प्रवेशाच्या दिवशी होते. महाविद्यालयाविषयीचे पालकाचे पहिले ठाम मत ग्रंथालय पाहून बनत नाही, ते बनते फीच्या खिडकीपाशी, जेव्हा सांगितलेले शिक्षण व विकास शुल्क भरायला आलेल्या माणसाच्या हातात 'प्रशिक्षण', 'गणवेश', 'विद्यार्थी उपक्रम' अशा नावांची आणखी एक पावती येते. शासनाची शुल्कप्रतिपूर्ती उशिरा येते, ही महाविद्यालयांची अडचण खरी आहे. पण फी माफ असलेल्या मुलीच्या वडिलांना 'आधी भरा, आले की परत देऊ' असे सांगितले, तर ते वाक्य त्यांच्या गावात पुढच्या जूनपर्यंत फिरत राहते. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत, जातवैधतेची पोचपावती, प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल आणि मूळ कागदपत्रे अडवली जाणार नाहीत याची हमी, या चार गोष्टी एका पानावर, मराठीत, सही-शिक्क्यानिशी देणारे महाविद्यालय दुर्मीळ आहे. याउलट प्रत्येक प्रवेशामागे ठरलेली रक्कम घेणाऱ्या एजंटांवर कित्येक संस्था अवलंबून असतात. एजंटाने दिलेली तोंडी आश्वासने महाविद्यालयाच्या नावावर जमा होतात आणि ती पाळण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. एजंट संस्था स्तरावरील रिकाम्या जागा भरून देतो आणि त्याच वेळी कॅपमधील पसंती पोखरतो.

आवारातील अनुभवाविषयी फार लिहिण्याची गरज पडू नये, पण या शब्दाचा अर्थ वातानुकूलित सभागृह आणि वार्षिक महोत्सवातला नामांकित गायक इथपर्यंत आकसला आहे, म्हणून थोडे लिहावे लागते. विद्यार्थ्याचा अनुभव मुख्यतः पहिल्या दोन सत्रांत ठरतो. बीड किंवा यवतमाळहून पुण्याला आलेला मुलगा दिवाळीला घरी जातो तेव्हा तो गणिताचे प्राध्यापक सत्राच्या मध्येच सोडून गेले, खानावळीत रविवारी रात्री जेवण नसते, बस साडेसहाला सुटते आणि प्रयोगशाळेत आठ जणांत एक संगणक आहे, या गोष्टी सांगतो, आणि त्याच्या मागच्या वर्षातली तीन-चार मुले त्या ऐकतात. पुढच्या जूनमध्ये पसंती अर्ज भरताना ती त्यालाच फोन करतात. महाविद्यालयाचा खरा प्रतिनिधी हा प्रथम वर्षाचा विद्यार्थी आहे, आणि बहुतेक महाविद्यालयांत सर्वांत अननुभवी, हंगामी शिक्षक त्याच्याच वाट्याला येतात, कारण अनुभवी प्राध्यापकांना वरचे वर्ग हवे असतात. हे वेळापत्रक उलटे करणे, म्हणजे विभागातील उत्तम शिक्षकांना प्रथम वर्षाचे गणित, भौतिकशास्त्र आणि प्रोग्रामिंग देणे, याला पैसे लागत नाहीत. विभागप्रमुखांची नाराजी पत्करावी लागते. त्याचा परिणाम आधी पहिल्या सत्राच्या निकालात दिसतो, मग मागे राहणाऱ्या विषयांच्या संख्येत, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी नोकरभरतीस पात्र ठरणाऱ्यांच्या संख्येत. वरच्या उदाहरणातील नोंदणी झालेल्या अडीचशेचे तीनशे करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग हाच आहे, आणि तो नोकरभरती अधिकाऱ्याच्या हातात नसतो.

हे सगळे चालले आहे की नाही, हे ओळखण्यासाठी चौकशी अर्जांची संख्या मोजणे निरुपयोगी आहे, कारण चौकशी जाहिरातीने वाढते. अधिक सांगणारी चिन्हे तीन आहेत. पहिल्या फेरीत जागा मिळालेल्यांपैकी किती जण ती घेऊन थांबले आणि किती जण अधिक चांगल्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत गेले. प्रवेश घेणाऱ्याने हे महाविद्यालय कितव्या पसंतीला लिहिले होते, जे खिडकीपाशी त्याला सरळ विचारता येते. आणि ज्या तालुक्यांतून आधीच विद्यार्थी येतात तिथून पुढच्या वर्षी किती आले. शेवटचे चिन्ह सर्वांत खरे बोलते. नव्या जिल्ह्यातून विद्यार्थी येणे हे जाहिरातीचे यश असू शकते, पण जुन्या तालुक्यातून येणे आटले, तर तिथे आतली बातमी पोहोचली आहे. कट-ऑफ वाचतानाही सावधगिरी हवी: पर्सेंटाइल हे सापेक्ष मोजमाप असल्यामुळे आणि राज्यातील एकूण जागा दरवर्षी बदलत असल्यामुळे एक-दीड अंकाचा चढउतार हा आपल्या कर्तृत्वाचा वा अपयशाचा पुरावा मानू नये, त्याच पट्ट्यातील चार-पाच महाविद्यालयांच्या तुलनेत आपली जागा सरकली का, एवढेच पाहावे.

या धोरणाची मर्यादाही स्पष्ट आहे. प्रथम वर्षातील बदल नोकऱ्यांच्या तक्त्यात दिसायला चार वर्षे लागतात आणि कट-ऑफमध्ये उमटायला आणखी एक-दोन, तर खाजगी महाविद्यालयांत प्राचार्य अनेकदा त्याआधीच बदलतो आणि नवा माणूस नवे घोषवाक्य घेऊन येतो. ज्या महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या साठपैकी पंधराच जागा भरतात, त्याला सहा वर्षे थांबता येत नाही, कारण रिकाम्या जागांची फी कोणतेही प्राधिकरण भरून देत नाही आणि पगार दर महिन्याला द्यावे लागतात. अशा संस्थेपुढे खरा पर्याय ती शाखा तीस जागांवर आणण्याचा किंवा बंद करण्याचा, तिथल्या प्राध्यापकांना प्रथम वर्षाच्या अध्यापनात सामावून घेण्याचा आणि उरलेल्या शाखांची क्षमता न वाढवण्याचा आहे. संस्थाचालक हा पर्याय सहसा निवडत नाहीत, कारण शाखा बंद झाल्याची बातमी वर्तमानपत्रात येते आणि त्याच शाखेतील पंचेचाळीस रिकामे बाक कोणाला दिसत नाहीत. पण पसंती अर्ज भरणाऱ्याला रिकाम्या जागांची यादीही सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर दिसते, आणि तो ती पाहतो.